केबल लावली, गाडीने सही केली

जर्मनीत ऑटोबानच्या कडेला आयोनिटी कंपनीचं चार्जिंग स्टेशन असतं. तिथे मर्सिडीजची ईक्यूएस येऊन थांबते. चालक उतरतो, चार्जरची जाड केबल ओढून गाडीच्या सॉकेटमध्ये बसवतो आणि कॉफी प्यायला निघून जातो. खिशातून कार्ड निघत नाही, मोबाइल उघडावा लागत नाही, क्यूआर कोडसमोर वाकावं लागत नाही. थोड्याच वेळात चार्जिंग सुरू होतं आणि बिल यथावकाश त्याच्या नावावर लागतं. 2021 साली ईक्यूएस बाजारात आली तेव्हा मर्सिडीजने ही सोय तिच्या खास गोष्टींमध्ये गणली होती. तिचं नाव ‘प्लग ॲण्ड चार्ज’.

हे ऐकून आपल्याकडचा माणूस पटकन म्हणेल, “मग हे फास्टॅगच की!” वरवर पाहता तसंच आहे. काचेवरचा स्टिकर आपला क्रमांक सांगतो, टोलनाक्यावरचं यंत्र तो वाचतं, पैसे कापले जातात. चार्जिंगमध्येही नुसता क्रमांक वाचून भागवणारी एक पद्धत आहे, तिच्याकडे पुढे येऊच. खऱ्या प्लग ॲण्ड चार्जमध्ये मात्र गाडीने ‘मी अमुक’ म्हटलेलं पुरत नाही. ते तिला सिद्ध करून दाखवावं लागतं, आणि तेही प्रत्येक वेळी नव्याने.

हा सगळा संवाद ज्या तारेवरून होतो ती चार्जिंग गनमध्येच असते. युरोपात आणि आपल्याकडेही मोटारींच्या वेगवान चार्जिंगसाठी सीसीएस-2 हे सॉकेट रूढ आहे. त्यात खालच्या बाजूला दोन जाड पिना दिसतात. बॅटरीत जाणारा डीसी प्रवाह त्यांच्यातून वाहतो. वरच्या गोलात काही बारीक पिना असतात, त्यांतली एक ‘कंट्रोल पायलट’. तिचं मूळ काम अगदी साधं. चार्जर तिच्यावर 12 व्होल्टचा दाब ठेवून वाट पाहतो. गाडी जोडली गेली की हा दाब 9 व्होल्टवर उतरतो, म्हणजे ‘कोणीतरी आलं’. गाडी वीज घ्यायला तयार झाली की तो 6 व्होल्ट होतो. याच तारेवर चार्जर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा एक सिग्नलही सोडतो. त्यातला ‘चालू’चा वाटा फक्त 5 टक्के ठेवला, तर गाडी त्याचा अर्थ असा घेते की नुसत्या व्होल्टेजच्या खुणांवर आता भागणार नाही, डिजिटल बोलणं करायचं आहे.

ते बोलणंही त्याच बारीक तारेवरून होतं. घरातल्या विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेण्याचं एक तंत्र आहे, त्याचीच काटकसरी आवृत्ती इथे वापरतात. तिचं नाव होमप्लग ग्रीन पीएचवाय. हजार हर्ट्झच्या मूळ सिग्नलवर काही मेगाहर्ट्झचे बारीक तरंग चढवले जातात आणि त्यांतून माहिती ये-जा करते. गाडीत एक मोडेम, चार्जरमध्ये एक मोडेम.

पण एक अडचण लगेच उभी राहते. स्टेशनवर चार-सहा चार्जर शेजारी शेजारी असतात. उच्च वारंवारितेचे हे तरंग तारेतच राहत नाहीत, थोडे बाहेर गळतात आणि शेजारच्या केबलमध्ये शिरतात. त्यामुळे माझ्या गाडीची हाक शेजारच्या चार्जरलाही ऐकू जाऊ शकते. त्याने ‘ओ’ दिली, तर वीज भरली जाईल माझ्या गाडीत आणि हिशोब लागेल दुसऱ्याच्या नावावर. म्हणून बोलणं सुरू करण्याआधी गाडी काही चाचणी-संदेश सोडते. ज्या ज्या चार्जरला ते ऐकू येतात तो प्रत्येक जण, आवाज आपल्यापर्यंत येताना किती क्षीण झाला याचं मोजमाप गाडीला परत पाठवतो. ज्याच्याकडे आवाज सर्वांत कमी विरला, तोच आपल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला, हे गाडी ठरवते. मग त्या दोघांपुरतं एक छोटं नेटवर्क तयार होतं. चार्जरच्या पडद्यावर ‘कनेक्टिंग’ असं लिहून येतं तेव्हा आत हा शोध चाललेला असतो. केबल धड बसली नसेल किंवा पिनांवर घाण असेल, तर तो इथेच अडतो. एकदा काढून पुन्हा घट्ट बसवली की चार्जिंग सुरू होतं, याचं एक कारण हे.

आता दोघे एकमेकांना ऐकू लागले, पण विश्वास अजून कुणाचाच कुणावर नाही. पहिली पाळी चार्जरची. आयएसओ 15118 हे या संवादाचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याचा जो भाग 2014 साली आला त्यानुसार चार्जर आपलं डिजिटल प्रमाणपत्र गाडीपुढे ठेवतो. बँकेच्या संकेतस्थळावर जाताना ब्राउझर जे करतो तेच इथे गाडी करते. या प्रमाणपत्रावर सही कोणाची, सही करणाऱ्याला अधिकार कोणी दिला, असं एकेक पायरी वर जात ती मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोचते. ते मूळ प्रमाणपत्र गाडीच्या स्मृतीत आधीपासून असेल तरच चार्जर खरा. तसं ठरलं की दोघांत सांकेतिक, म्हणजे तिसऱ्याला न वाचता येणारा मार्ग उघडतो.

मग गाडीची पाळी. तिच्याजवळ वीजसेवा देणाऱ्या कंपनीने दिलेलं ‘कंत्राट प्रमाणपत्र’ असतं. त्यात मालकाचं नाव-गाव नसतं, एक कंत्राट क्रमांक असतो. समजा, DE-ABC-C12345678-X. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन सेवा देणाऱ्या कंपनीची, त्यानंतर कंत्राटाचा क्रमांक आणि शेवटी टंकनातली चूक पकडणारं एक तपासणी-अक्षर. गाडी हे प्रमाणपत्र चार्जरकडे पाठवते. पण प्रमाणपत्र काही गुपित नाही, त्याची नक्कल कोणाकडेही असू शकते. म्हणून चार्जर उलट एक आकडा पाठवतो. तो 16 बाइटचा, त्या क्षणी यादृच्छिकपणे तयार केलेला आणि यापूर्वी कधी न वापरलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच, ‘यावर सही करून दाखव’.

ही सही फक्त खाजगी किल्लीने होते, आणि ती किल्ली गाडीतच, शक्यतो वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये, कोंडलेली असते. ती बाहेर येत नाही. तिने केलेली सही तेवढी बाहेर येते. प्रमाणपत्रात तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली असते, तिने चार्जर ही सही पडताळतो. जुळली, तर गाडी खरी. बँकेत कारकुनाने जुन्या चेकची झेरॉक्स न चालवता समोर कोरा कागद सरकवून ‘इथे, आत्ता सही करा’ म्हणावं, तसा हा प्रकार. कालच्या संवादाचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं तरी आज त्याचा उपयोग नाही, कारण आजचा आकडा वेगळा आहे.

एवढं झाल्यावरच पुढची व्यवहाराची बोलणी होतात. बॅटरीला किती व्होल्ट हवेत, किती अँपिअर चालतील, केबलचं इन्सुलेशन ठीक आहे का, हे पाहिल्यावर मुख्य प्रवाह सोडला जातो. 

हे कंत्राट प्रमाणपत्र गाडीत येतं कुठून, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. कारखान्यात गाडी बनते तेव्हा ती कोण विकत घेणार आणि वीज कोणाकडून घेणार हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून कारखान्यात गाडीला एक जन्मदाखलाच दिला जातो. हे उत्पादकाचं प्रमाणपत्र तीस वर्षांपर्यंत वैध असू शकतं, म्हणजे साधारण गाडीच्या आयुष्याइतकं. त्याने चार्जिंग होत नाही. ‘ही गाडी खरोखर अमुक कारखान्यातून निघाली’ एवढंच ते सांगतं.

पुढे मालक एखाद्या सेवा कंपनीशी करार करतो. ती कंपनी त्या गाडीसाठी कंत्राट प्रमाणपत्र आणि त्याची खाजगी किल्ली तयार करते, आणि ही किल्ली गाडीच्या जन्मदाखल्यातल्या सार्वजनिक किल्लीच्या आधाराने कुलूपबंद करते. ते कुलूप फक्त त्याच गाडीला उघडता येतं. त्यामुळे हे पाकीट वाटेत कोणाच्याही हातून गेलं तरी हरकत नाही.

मानकाची मूळ कल्पना अशी होती की हे पाकीट चार्जरनेच गाडीला द्यावं. नवी गाडी पहिल्यांदा केबलला लागली की तिने ‘माझ्यासाठी काही आलंय का’ असं विचारावं, चार्जरने इंटरनेटवरून ते मागवून तारेतून गाडीत सोडावं. कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात या प्रश्नोत्तरासाठी मानकाने दिलेली मुदत आहे 5 सेकंदांची. रस्त्यावरच्या चार्जरचं सिमकार्ड, मग चार्जर कंपनीचा सर्व्हर, मग प्रमाणपत्रांचं कोठार, आणि तिथून उलट प्रवास, हे सगळं 5 सेकंदांत उरकायचं. नेटवर्क जरा मंद असलं की गाडी वाट पाहणं सोडून देते. म्हणून अनेक उत्पादकांनी हा रस्ता टाळला. गाडीला स्वतःचं इंटरनेट असतंच, त्यावरूनच ते प्रमाणपत्र परस्पर गाडीत पोचवतात. मालकाला फक्त ॲपमध्ये किंवा गाडीच्या पडद्यावर एकदा सोय चालू करावी लागते. ‘ॲपशिवाय चार्जिंग’ या दाव्यात ही एवढी फट आहे. रोज ॲप लागत नाही, पण पहिल्यांदा बहुधा लागतंच.

कंत्राट प्रमाणपत्राची मुदत जन्मदाखल्याइतकी लांब नसते. 2014च्या मानकानुसार ती चार आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंत असू शकते. चार्जरच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत त्याहून आखूड, जेमतेम दोन-तीन महिने. तारेत, व्होल्टेजमध्ये, सॉकेटमध्ये बिघाड नसतानाही प्लग ॲण्ड चार्ज बंद पडतं ते बऱ्याचदा या मुदतींपायी. रस्त्यावरच्या हजारो खांबांना दर दोन-तीन महिन्यांनी नवीन प्रमाणपत्र वेळेवर मिळत राहिलं पाहिजे. एखादा खांब बरेच दिवस नेटवर्कबाहेर राहिला, की त्याचा कागद जुना झाला. एखाद्याचं घड्याळच चुकलं असेल, तर वैध प्रमाणपत्रही त्याला ‘अजून सुरू न झालेलं’ किंवा ‘संपलेलं’ वाटतं.

बिघाड कुठे आहे हे चालकाला बऱ्यापैकी ओळखता येतं. सही जुळली नाही की चार्जर सहसा बंद पडत नाही, तो जुन्या पद्धतीवर येतो आणि पडद्यावर कार्ड किंवा ॲप मागतो. एकाच खांबावर असं होत असेल आणि शेजारच्या खांबावर गाडी ओळखली जात असेल, तर दोष खांबाचा. एका कंपनीच्या सगळ्या स्टेशनांवर होत असेल आणि इतरत्र नाही, तर त्या कंपनीचा तुमच्या सेवा कंपनीशी करार नसावा. सगळीकडेच कार्ड मागितलं जात असेल, तर गाडीतलं कंत्राट प्रमाणपत्र संपलेलं आहे, पोचलेलंच नाही, किंवा सोय सेटिंगमध्ये बंद आहे. आणि वेगवान चार्जरवर चालतं पण मॉलमधल्या संथ एसी चार्जरवर चालत नाही असं दिसलं, तर तो बिघाड नव्हेच. एसी चार्जिंग नुसत्या व्होल्टेजच्या खुणांवर भागतं, त्यामुळे कित्येक एसी चार्जरमध्ये मोडेम बसवलेलंच नसतं.

या सगळ्या साखळीचं टोक मूळ प्रमाणपत्रात आहे, आणि खरी ओढाताण तिथेच आहे. युरोपात मूळ प्रमाणपत्र देण्याचं काम आधी मुख्यतः बर्लिनच्या हबजेक्ट कंपनीकडे आलं. ती 2012 साली बीएमडब्ल्यू, डाइम्लर, बॉश, सीमेन्स आणि दोन वीज कंपन्यांनी मिळून काढली. पुढे इतरांनीही आपापली मूळ प्रमाणपत्रं उभी केली. अडचण अशी की गाडीने आपल्या स्मृतीत एकच मूळ प्रमाणपत्र ठेवलं आणि चार्जर दुसऱ्याच्या साखळीतला निघाला, तर दोघेही खरे असून एकमेकांना परके. मग कोणाच्या मुळावर कोणी विश्वास ठेवायचा याची यादी लागते. अमेरिकेत वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने पुढाकार घेऊन अशी सामाईक व्यवस्था उभी करायला घेतली. तंत्रज्ञान 2014 साली लिहून झालं आणि तरी दहा वर्षांनंतरही सगळीकडे पसरलं नाही, याचं कारण तारेत शोधून सापडणार नाही. ‘शेवटची सही कोणाची’ हा तंटा आहे.

या कटकटीला कंटाळूनच ‘ऑटोचार्ज’ नावाची आडवाट निघाली. नेदरलँड्सच्या फास्टनेड कंपनीने ती लोकप्रिय केली. गाडीतल्या मोडेमला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो, जसा प्रत्येक वायफाय उपकरणाला असतो. संवाद सुरू होताना तो चार्जरला दिसतोच. चार्जर कंपनी पहिल्या वेळी तो तुमच्या खात्याशी जोडून ठेवते आणि पुढच्या वेळी क्रमांक दिसला की चार्जिंग सुरू. प्रमाणपत्र नको, मूळ नको, सही नको. जुन्या गाड्यांवरही चालतं. चालकाच्या डोळ्यांना ऑटोचार्ज आणि प्लग ॲण्ड चार्ज यांत काडीचा फरक दिसत नाही.

आत मात्र फरक मोठा आहे. ऑटोचार्जमध्ये गाडी आपलं नाव सांगते आणि चार्जर ते मान्य करतो. तोच क्रमांक दुसऱ्या मोडेमवर चढवला, तर चार्जरला कळायला मार्ग नाही. आणि क्रमांक मिळवणं किती अवघड? 2019 साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या रिचर्ड बेकर आणि इव्हान मार्टिनोविच या संशोधकांनी दाखवून दिलं की चार्जिंग केबलमधून गळणारे ते तरंग काही मीटरवरून अँटेनाने पकडून संवाद वाचता येतो. गाडी आणि चार्जर यांच्या छोट्या नेटवर्कची किल्लीसुद्धा सुरुवातीला उघड्यावरच दिली जाते, आणि अनेक चार्जर त्यावरचा सांकेतिक मार्ग वापरतच नव्हते. म्हणजे ज्या गळतीमुळे शेजारचा चार्जर ‘ओ’ देतो, तीच इथे कान देणाऱ्याच्या कामी येते. प्लग ॲण्ड चार्जमध्ये सांकेतिक मार्ग सक्तीचा आहे तो याचसाठी. 2022 साली आलेल्या मानकाच्या नव्या भागात तर मार्ग उघडतानाच दोघांनीही आपापलं प्रमाणपत्र दाखवायचं असतं, चार्जरने एकट्याने नव्हे.

तरीही ऑटोचार्जला मी सरसकट नावं ठेवणार नाही. चोरी झालीच तर एक-दोन चार्जिंगचं बिल, आणि ते खात्यावर दिसतं. एखादी कंपनी तेवढा धोका स्वतः सोसायला तयार असेल तर तो तिचा व्यवहार. ग्राहकाला मात्र आपण दोहोंपैकी कशावर आहोत हे ठाऊक असावं. एक खूण अशी की सोय एकाच चार्जिंग कंपनीच्या ॲपमध्ये जोडावी लागली आणि फक्त तिच्याच खांबांवर चालते, तर ते बहुधा ऑटोचार्ज. करार एका ठिकाणी केला आणि अनेक कंपन्यांच्या खांबांवर गाडी ओळखली जाते, तर प्लग ॲण्ड चार्ज.

आपल्याकडे सॉकेट तेच, तार तीच, व्होल्टेजच्या खुणा त्याच. जिच्यापासून आपण सुरुवात केली त्या ईक्यूएसची 580 ही आवृत्ती 2022 सालापासून पुण्याजवळ चाकणला जोडली जाऊ लागली. पण पुण्याहून गोव्याला निघालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये आजही वेगवेगळ्या चार्जिंग कंपन्यांची ॲप असतात आणि प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले असतात. गाडी सही करू शकते म्हणून भागत नाही. ती सही कोणाच्या मुळापर्यंत पोचणार, आणि ते मूळ सगळ्या चार्जर कंपन्या मानणार का, हे आधी ठरायला हवं. ते ठरेपर्यंत इथे क्यूआर कोड आणि यूपीआय यांचंच राज्य राहील, आणि एका अर्थी ते बरंही आहे. पैसे देताना आकडा डोळ्यांसमोर असतो.

कारण गाडीनेच सगळं उरकलं, की दर पाहायचा राहून जातो. एकाच खांबावर वेगवेगळ्या सेवा कंपन्यांचे दर वेगवेगळे असू शकतात, आणि गाडीतलं कंत्राट त्या दिवशी सर्वांत महागडं निघू शकतं. युरोपीय संघाच्या एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांत म्हणूनच लिहिलं आहे की स्वयंचलित ओळखीची सोय असली तरी ती न वापरण्याचा हक्क चालकाला कायम राहील. त्याला तिथल्या तिथे पैसे भरून किंवा दुसऱ्या करारावर चार्ज करता आलं पाहिजे.

आणखी एक प्रसंग आहे, जो आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारातही उद्या येईल. कंत्राट प्रमाणपत्र मालकाच्या खिशात नसतं, गाडीत असतं. गाडी विकली आणि करार तसाच राहिला, तर नवा मालक केबल लावेल, गाडी इमानेइतबारे सही करेल आणि बिल जुन्या मालकाच्या नावावर जाईल. तेव्हा किल्ल्या देण्याआधी गाडीच्या पडद्यावरून प्रमाणपत्र काढायचं आणि सेवा कंपनीला कळवून करारही रद्द करून घ्यायचा. नुसतं गाडीतलं खाता-रिसेट पुरेसं धरू नये. कंपनीने कंत्राट क्रमांक बंद केला की गाडीत प्रमाणपत्र चुकून राहिलं तरी, चार्जर इंटरनेटवरून विचारतो तेव्हा त्याला नकार मिळतो. खांब ऑफलाइन असेल, तर मात्र तो सहीची साखळी स्वतःच तपासून कदाचित वीज सोडून मोकळा होईल. करार रद्द झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते.